हुंडणावळ दिसत नाही, म्हणून नसते का?

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेलं तांब्याचं भांडं आता न्यू जर्सीला जातं. पार्सल मुंबईहून निघालं की नेवार्कला अडकलं, हे मोबाइलवर कळतं. त्याच भांड्याचे पैसे उलट दिशेने येताना वाटेत कुठे किती गळले, हे मात्र कुणी कळवत नाही.

आपणही विचारत नाही.

आपण विचारतो, "फी किती?" पैसे आणून देणाऱ्यांना हाच प्रश्न सोयीचा वाटतो. फी शून्य, असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि डॉलरचा दर दोन-तीन रुपये कमी लावायचा. फी दिसते, दरातली कपात दिसत नाही. मग नेमकं काय तपासायचं?

एकच भागाकार. खात्यात जमा झालेले रुपये भागिले ग्राहकाने भरलेले डॉलर. येणारा आकडा हा तुमचा खरा दर. फी, मधल्या बँकेची कपात, दरातला फरक, कर, सगळं त्यात येतं. मग तो त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून पाहायचा. २०१८ पासून हा दर रिझर्व्ह बँकेऐवजी फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. त्याला पैसे पडत नाहीत.

तरी तो पाहतो कोण?

आता हिशोबच करू. ३०० डॉलरची ऑर्डर, बाजारातला मधला दर सोयीसाठी ९० रुपये. म्हणजे वाटेत काहीच गळलं नाही तर २७,००० रुपये. ग्राहकाने कार्डाने पेपॅलवर पैसे भरले, तर ४.४ टक्के अधिक ३० सेंट, म्हणजे साडेतेरा डॉलर आधीच गेले. उरलेल्या २८६.५० डॉलरचे रुपये करताना दर ३ टक्के कमी लागला असं धरू. हातात सुमारे २५,०११ रुपये. खरा दर ८३ रुपये ३७ पैसे.

जाहिरातीतली ४.४ टक्के फी आणि प्रत्यक्षातली ७ टक्क्यांहून जास्त गळती, यातलं अंतर तुमच्या नफ्यातून जातं.

मग बँकेतून थेट मागवावेत? थांबा. अमेरिकेतल्या बँकेतून स्विफ्टने निघालेले पैसे बहुतेक वेळा एखाद्या मधल्या बँकेतून येतात आणि ती आपली कपात डॉलरमध्येच करून घेते. समजा २० डॉलर. इथल्या बँकेने दर १ टक्का कमी लावला, जमा करण्याचे २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला. चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळा, तो या रकमेला किमान म्हणजे ४५ रुपये. हातात सुमारे २४,६६७. खरा दर ८२ रुपये २२ पैसे.

म्हणजे बँक पेपॅलहून महाग?

३०० डॉलरला, हो. आता तीच ऑर्डर ३,००० डॉलरची करा. मधली बँक तेव्हाही २० डॉलरच घेते, जमा करण्याचा आकारही तोच राहतो. खरा दर ८८ रुपये ३२ पैशांवर येतो. पेपॅल मात्र ८३ रुपये ४५ पैशांवरच राहतं, कारण त्याची फी टक्क्यांत आहे आणि रकमेबरोबर तीही वाढते. या एका ऑर्डरीवर फरक साडेचौदा हजारांचा. "सगळ्यात स्वस्त कोण?" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. किती रकमेसाठी, ते आधी सांगा.

दुकानदार ग्राहक दर महिन्याला ४०० डॉलरचा माल मागवत असेल, तर तीन महिन्यांची रक्कम एकदम आगाऊ मागा आणि थोडी सूट द्या. सूट देऊनही तुमच्याकडे जास्त उरू शकतं. बिलावर एक ओळ आधीच छापून ठेवा, की पाठवताना शुल्काचा पर्याय `OUR` निवडावा. तो निवडला की वाटेतला खर्च पाठवणाऱ्याकडे जातो. `SHA` असेल, तर मधल्या बँकेची कात्री तुमच्या रकमेवर चालते.

आणि मोठी रक्कम यायची असेल तर शाखेला आधी फोन करा. शाखेत सकाळी ठरलेला कार्ड रेट असतो. बँकेच्या ट्रेझरीचा त्या क्षणाचा दर वेगळा असतो, तो मागितला तर मिळू शकतो. न मागणाऱ्याला कार्ड रेट.

तिसरा रस्ता अलीकडचा. काही कंपन्या तुमच्यासाठी अमेरिकेतला खाते क्रमांक उघडून देतात. ग्राहक तिथे त्याच्या दृष्टीने स्थानिक हस्तांतर करतो, मधली बँक येतच नाही, आणि मधल्या दराने रुपये तुमच्या खात्यात येतात. फी १ टक्क्याच्या आसपास असेल, तर खरा दर ८९ च्या जवळ जातो. मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये?

कारण पैसे ग्राहक भरतो, तुम्ही नाही. एक भांडं घेणाऱ्या गृहिणीला कार्ड टेकवायचं असतं, बँकेचे क्रमांक टाइप करायचे नसतात. दर महिन्याला माल उचलणारा दुकानदार आनंदाने टाइप करतो. किरकोळ गिऱ्हाईक कार्डावर आणि घाऊक गिऱ्हाईक खात्यावर, अशी विभागणी करा. कार्डाच्या गिऱ्हाइकाची किंमत ती गळती धरूनच लावा. पोहोच पावती सांभाळा, कारण पेपॅलवर ग्राहक पैसे भरल्यापासून १८० दिवस तक्रार करू शकतो.

कंपनी निवडताना आधी परवाना पाहा, मग दर. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने सीमेपार पैसे आणणाऱ्या पेमेंट अॅग्रीगेटरांना थेट आपल्या देखरेखीखाली घेतलं. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसेल, तर तुमचे पैसे कुणाच्या खात्यातून फिरून येतात?

एवढं सगळं ऐकून पुण्यातला हमखास उपाय पुढे येतोच: "मुलगा तिकडे आहे, त्याच्याकडे जमा करू. तो घरी पाठवेल."

पाठवेल की. पण घरखर्च म्हणून. बँकेत परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला एक उद्देश कोड लागतो. मालापोटी आलेल्या आगाऊ रकमेचा `P0103`, कुटुंबाच्या खर्चाचा `P1301`. वेस्टर्न युनियनसारख्या सेवेने भारतात येणारे पैसे तर वैयक्तिक कारणांपुरतेच आहेत. व्यापाराचे पैसे त्या वाटेने आणायची परवानगीच नाही.

भांडं कस्टममधून गेलं, बँकेच्या नोंदीत मात्र त्याचे पैसे आलेच नाहीत. निर्यातीवरच्या जीएसटीचा परतावा घेतला असेल आणि पैसे ठरलेल्या मुदतीत आल्याचं दाखवता आलं नाही, तर तो परतावा व्याजासह भरावा लागतो. त्यासाठी हवा असतो तो बँकेचा किंवा अॅग्रीगेटरचा दाखला, ज्यावर पाठवणाऱ्या ग्राहकाचं नाव आणि मालाचा कोड असतो.

मुलाने पाठवलेल्या पैशांच्या दाखल्यावर नाव मुलाचं असतं, आणि कोड घरखर्चाचा.