पाटीच लहान होती

आमचे मामा कुणाच्याही अडीअडचणीला सर्वांत आधी हजर. सोसायटीत कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडीची किल्ली मामांच्या हातात तयार. फक्त मामींशी वाजलं की आधी बोलायला जाणं त्यांना जमत नाही.

भांडण झालं की मामा पेपरात शिरतात. तासाभराने पंख्याकडे बघत विचारतात, “या घरात चहा बंद झालाय का?” चूक अगदीच अंगाशी आली तर “गैरसमज झाला”, “बोलण्याच्या ओघात निघून गेलं”, नाहीतर “आता विषय वाढवू नका”. विषय अर्थात त्यांनीच वाढवलेला असतो.

याचं मूळ आजोबांच्या शिस्तीत आहे. लहानपणी काही चुकलं की आलेल्या-गेलेल्यांसमोर कान धरून उठाबशा, आणि वर “म्हण, पुन्हा करणार नाही!” तेव्हापासून माफी म्हणजे चारचौघांत नाक घासणं, हे मामांच्या डोक्यात पक्कं बसलं.

गेल्या वर्षी पुण्याला मामींच्या बहिणीकडे मुंज होती. डोंबिवलीहून वेळेत निघाले. पण चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून भलेभले चकतात, तसे मामाही चकले. “अहो, डावीकडे” असं मामी म्हणत असताना ते सरळ वारज्याकडे निघून गेले. पोचले तोवर मंगलाष्टका संपलेल्या. दारातच मामांनी जाहीर केलं, “काय करणार? हिचं आवरणंच संपत नाही!” सगळे हसले. मामींनीही हसल्यासारखं केलं. परतीच्या प्रवासात गाडीत फक्त जीपीएसची बाई बोलत होती.

घरी आल्यावर सुनेने गमतीत म्हटलं, “बाबा, सॉरी म्हणून टाका ना!” झालं! मामांचे कान लाल, आणि दोन दिवस पंख्याशीसुद्धा बोलणं बंद.

मामींनी त्या दोन दिवसांत विषय काढला नाही. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं नीट डोक्यात शिरत नाही, तेव्हा निदान 20 मिनिटं थांबा, असं तो सांगतो. मामी ठोके मोजत नाहीत, कान बघतात. लाली उतरल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

तिसऱ्या दिवशी मामांकडून खुणा सुरू झाल्या. गळका नळ दुरुस्त झाला. स्वतःला न आवडणारी गवार घरात आली. “गोळी घेतलीस का?” हा प्रश्न दोनदा झाला. फ्रिजवर एक गजरा प्रकटला. “स्वस्त मिळाला,” असं मामांनी फ्रिजलाच सांगितलं.

मामींनी गजरा माळला, पण प्रकरण मिटवलं नाही. घरात कुणी नसताना मटार सोलायला घेतले आणि अर्धे मामांच्या पुढे सरकवले. हात कामात आणि नजर ताटात असली की मामांना बोलणं सोपं जातं. “अहो, तुम्ही गळका नळ लगेच बघितलात, बरं वाटलं. पण मुंजीत उशिराचं खापर सगळ्यांसमोर माझ्यावर फोडलंत, ते मला लागलं.” एवढंच. ‘तुम्ही नेहमीच असे’ नाही, जुन्या प्रकरणांची उजळणी नाही, आणि ‘जाऊ दे, माझंच चुकलं’ अशी खोटी माघारही नाही. ती एकदा घेतली की दर वेळी घ्यावी लागते, हे मामींना ठाऊक आहे.

मामा बराच वेळ एकच शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, “हं. तसं बोलायला नको होतं.”

“मग आता काय करू या?” मामींनी विचारलं. ‘माफी मागा’ म्हटलं असतं तर मामा उठून गेले असते. करायला काम मिळाल्यावर उठले ते फोनकडे. मेहुणीला म्हणाले, “त्या दिवशी उशीर हिच्यामुळे नाही हो झाला, फाटा मीच चुकलो.” आणि लगेच, “पण पाटीच लहान होती!”

मामींनी पाटीची सूट दिली. चारचौघांत गेलेली गोष्ट जिथे गेली तिथेच भरून आली, हे त्यांना पुरेसं होतं.

ही युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याला आतून काही वाटतच नाही, जो गजरा आणून पुढच्या समारंभात पुन्हा तेच बोलतो, त्याच्यापुढे कितीही मटार ठेवले तरी व्यर्थ. मामांनी मात्र त्यानंतर मामींच्या आवरण्यावर चारचौघांत विनोद केलेला नाही. तुमच्या घरातही कुणी पंख्याशी बोलत असेल, तर त्याला सगळ्यांदेखत ‘सॉरी म्हण’ म्हणू नका. एकांतात गाठा, काय लागलं ते एका वाक्यात सांगा आणि पाटीची सूट द्या. पण फोन करायला लावाच.