शिष्यवृत्ती हमखास हुकवणारी एसओपी

जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची, जपानी शिकणाऱ्या पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची शिष्यवृत्ती असते. ती चुकूनही मिळू नये अशी इच्छा असेल, तर एसओपी पुढील शास्त्रोक्त पद्धतीनं लिहावी.

सुरुवात 'लहानपणापासून' या शब्दानं करावी. आधी डोरेमॉन, मग नारुतो, मग साकुरा, शिस्त आणि बुलेट ट्रेन. क्रम मोडू नये. पुढचं वाक्य आधीच ठाऊक असलं की परीक्षकांनाही जरा डुलकी काढता येते. साहित्यासाठी एक वाक्य पुरे, तेही मुराकामीवर. तो इंग्रजीत वाचला हे लपवायची गरज नाही, कळतंच.

पातळीच्या रकान्यात 'जेएलपीटी एन-थ्री उत्तीर्ण' लिहून थांबावं. त्या परीक्षेत उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात. बोलावं लागत नाही, एक वाक्यही लिहावं लागत नाही. ही घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची?

आता काय टाळायचं ते. समजा, पुण्यातल्या एखाद्या मुलीनं नात्सुमे सोसेकीची 1906 सालची 'बोच्चान' शब्दकोश घेऊन अडखळत वाचली. तोक्योचा उर्मट तरुण शिकोकू बेटावरच्या शाळेत गणित शिकवायला जातो आणि पोरं त्याच्या अंथरुणात टोळ सोडतात. तो जाब विचारतो, तर पोरं त्याला किड्याचं नावच चुकलं म्हणून सुधारतात, आणि वाक्याला वर 'ना मोशी' असं गावठी शेपूट लावतात. मास्तर चिडतो तो किड्यांपेक्षा त्या शेपटावर. पाठ्यपुस्तकातली प्रमाण जपानी शिकलेल्या या मुलीला व्याकरण कळलं, पण पोरं टिंगल करताहेत की तिथले लोक बोलतातच असं, ते कळेना.

हे तिनं एसओपीत लिहिलं की घात झालाच. मग ओघानंच येतं, की कादंबरीत गावाचं नाव नसलं तरी सोसेकी 1895 साली मात्सुयामाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. म्हणून तिला त्याच गावातल्या एहिमे विद्यापीठात शिकायचंय आणि तिथल्या म्हाताऱ्यांकडून हे संवाद मोठ्यानं वाचून घ्यायचेत. वर ती कबूलही करणार, की 'ना मोशी' आता रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलंय, त्यामुळे निम्मं काम जुन्या ध्वनिफितींवर भागवावं लागेल. असं लिहिलं की परीक्षक सावरून बसतात. मुलाखतीत ध्वनिफिती कुठं मिळतील, असले प्रश्न विचारतात, आणि उत्तरं द्यावी लागतात. जपानीत.

त्यापेक्षा शेवटच्या परिच्छेदात 'भारत आणि जपान यांच्यातला सेतू होईन' असं वचन द्यावं. शिकोकूला होन्शूशी जोडणारे सेतू इंजिनियरांनी बांधलेत, पण परीक्षक तो विषय काढणार नाहीत. तोवर ते पुढचा अर्ज उघडून बसलेले असतात.