झाकल्या मुठीची पीडीएफ

झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो, आणि म्हणता म्हणता मुठीतला आकडाच सांगून टाकतो. गोपनीयतेबाबतचा आपला स्वभाव या म्हणीत पुरता उतरला आहे. लिंक्डइनवर हल्ली एखादं काम संपलं की त्याची आठ-दहा पानी पीडीएफ चढवतात. बोटाने एकेक पाटी सरकवत वाचायची, म्हणून तिला कॅरोसेल म्हणायचं. पहिल्या पाटीवर ‘एका नामांकित संस्थेसाठी’, दुसरीवर आकड्यांचा तक्ता आणि त्यावर जाड काळी पट्टी, शेवटच्या पाटीवर हाताची घडी घातलेला फोटो. काळी पट्टी हा या साहित्यप्रकाराचा दागिना आहे. माझ्याकडे मोठं गुपित आहे आणि मी ते जपतो, या दोन्ही गोष्टी ती एकदमच मिरवते. अडचण एवढीच, की आकडा पट्टीखाली राहत नाही. तो उघड्या ठेवलेल्या आकड्यांत शाबूत असतो. आणि ज्या कसबासाठी हा खटाटोप चालतो, ते तर त्या आकड्यात मुळातच नसतं.

एक कल्पित दूधसंघ घेऊ. एका विश्लेषकाने संघाची वाहतुकीतली दुधाची नासाडी कमी केली. संघ रोज किती दूध विकतो, हे बाहेर सांगायचं नाही, असा करार आहे. म्हणून दुसऱ्या पाटीवर रोजच्या विक्रीवर काळी पट्टी आली. तिसऱ्या पाटीवर ‘नासाडी 4 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर’. टक्केवारीच ती, तिने कोणाचं काय बिघडतंय? मग पाचव्या पाटीवर, यश जरा डोळ्यांत भरावं म्हणून, ‘दररोज 3,000 लिटर दूध वाचलं’. आता चौथीतल्या मुलाला विचारा: दीड टक्का म्हणजे 3,000 लिटर, तर शंभर टक्के म्हणजे किती? दोन लाख लिटर. पिशवीवर छापलेल्या किमतीने त्याला गुणा, की रोजच्या उलाढालीचा ढोबळ अंदाजही हाती येतो. टक्केवारी एकटी असते तोवर बिचारी मुकी असते, पण शेजारी एक खरा आकडा बसवला की ती घडाघडा बोलू लागते. आणि ‘नामांकित संस्था’ कोणती, हा प्रश्न तर पहिल्याच पाटीवर सुटलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रातली, कोकणात दूध पाठवणारी, नुकतंच नवं शीतगृह बांधलेली असं वर्णन केल्यावर नाव लपवण्यात फक्त नम्रता उरते.

यातले शहाणे दोन युक्त्या करतात. पहिली म्हणजे आलेखाच्या अक्षावरचे आकडे पुसायचे. पण स्तंभ तसेच उभे असतात. पडद्याला पट्टी लावली, एक स्तंभ आठ सेंटीमीटर आणि दुसरा पाच भरला, की प्रमाण मिळालं. त्यांतल्या एकाच वर्षाचा आकडा संघाच्या वार्षिक अहवालात असला, आणि तो अहवाल सर्वसाधारण सभेत सभासदांना वाटलेलाच असतो, तर बाकीची वर्षं त्रैराशिकाने उघडी पडतात. दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या आकड्यांना 0.7 ने गुणायचं. सगळ्यांना एकच वेष चढवला की एकाचा उतरवल्यावर सगळ्यांचाच उतरतो. सुरक्षित वाट साधी आहे: आकडे मुळापासून बनवावेत, घटनेचा आकार तेवढा खरा ठेवावा, आणि ‘आकडे काल्पनिक’ हे प्रत्येक पाटीवर लिहावं. प्रत्येक पाटीवर अशासाठी, की पाट्यांचे स्क्रीनशॉट सुटे फिरतात. पहिल्या पाटीवरचा खुलासा सहाव्या पाटीसोबत प्रवासाला निघत नाही.

पट्टीचीही एक गंमत आहे. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. तिच्यातल्या काही ओळी काळ्या केल्या होत्या. पत्रकारांनी त्या ओळी निवडल्या, कॉपी केल्या, दुसरीकडे चिकटवल्या आणि निवांत वाचल्या. मॅनफोर्ट यांनी मतचाचणीची आकडेवारी परक्या माणसाला दिल्याचा आरोप त्या काळ्या ओळींखाली होता, म्हणजे गुपित फुटल्याचं गुपितही फुटलं. पट्टी हे मजकुरावर ठेवलेलं चित्र असतं, मजकूर खाली जिवंत असतो. सादरीकरणात चिकटवलेल्या आलेखाच्या पोटात कधीकधी अख्खी एक्सेल फाइल असते, आणि कापून लहान केलेल्या चित्राचा कापलेला भागही. म्हणून आकडा आधी मूळ तक्त्यातूनच काढायचा, मग प्रत्येक पाटीचं सपाट चित्र करायचं, आणि त्या चित्रांची पीडीएफ बांधायची. काम नीट झालं का, हे दहा सेकंदांत कळतं: फाइल उघडून सगळं निवडायचं आणि कोऱ्या पानावर चिकटवायचं. काही उमटलं, तर पोस्ट थांबवायची.

आता मुख्य आक्षेप येतो: आकडे काढल्यावर उरतं काय, आणि विश्वास कोण ठेवणार? ‘37.5 टक्के घट’ यावर तरी लोक विश्वास ठेवतात तो दशांश चिन्हाच्या दराऱ्याने. ती पडताळायची सोय कोणाकडेच नसते. धंद्यातला माणूस आकडा वाचत नाही, वाट वाचतो. आपल्या संघात सगळ्यांचं मत होतं की शीतगृह लहान पडतं, मोठं बांधा. विश्लेषकाने परत आलेल्या प्रत्येक क्रेटसमोर टेम्पो कधी भरला आणि कधी सुटला, एवढंच लिहायला लावलं. नासकं दूध बहुतेक त्या टेम्पोंतून येत होतं, जे सर्वांत आधी भरले जात आणि सर्वांत शेवटी सुटत. दूध शीतगृहात नव्हे, दारात नासत होतं. मग टेम्पो सुटण्याच्या क्रमाने भरले. तेही आधी दोनच मार्गांवर, चार आठवडे, आणि दुसरे दोन मार्ग मुद्दाम जुन्या पद्धतीने चालू ठेवून. कारण हवा थंड झाली तरी नासाडी घटते, आणि थंडीचं श्रेय विश्लेषकांनी घेतल्याची उदाहरणं या माध्यमावर कमी नसावीत. शेवटी एक पाटी हेही सांगणारी, की ही चाचणी जानेवारीतली आहे आणि मे महिन्याबद्दल ती काही सांगत नाही. यात विक्रीचा एक लिटरही उघडा पडलेला नाही, आणि माणूस कामाचा आहे हे कळतं. ‘चार आठवडे’, ‘दोन मार्ग’ हे आकडे पद्धतीचे आहेत, संघाच्या तिजोरीचे नव्हेत. परिणाम सांगायचाच तर ‘तिसऱ्या हिश्शाहून अधिक घट’ एवढं बास झालं, पण मग लिटर कुठेही नको. या पीडीएफमध्ये नको, जुन्या पोस्टमध्ये नको आणि बायोडेटातही नको, कारण वाचणारा तिन्ही उघडून बसतो.

पद्धत हेच संघाचं गुपित असेल तर काय, असा खरा बिनतोड आक्षेप उरतो. तिथे हुशारी चालत नाही. तयार पीडीएफ जशीच्या तशी ग्राहकाकडे पाठवून लेखी होकार घ्यावा. ‘थोडं लिहू का?’ असं मोघम विचारून मिळालेला होकारही मोघमच असतो. काही करारांत काम झालं हेच सांगायची मनाई असते, तिथे पीडीएफ करूच नये. ग्राहक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर निकाल जाहीर होण्याआधीची विक्रीची झुळूकसुद्धा सेबीच्या 2015 च्या नियमांतल्या अप्रकाशित, भावावर परिणाम करणाऱ्या माहितीत मोडू शकते. मग कॅरोसेल थेट वकिलाच्या टेबलावर सरकतं.

आपल्या काळ्या पट्टीवाल्याला मात्र असं काही होणार नाही. त्याला दोनशे अंगठे मिळतील, आणि सर्वांत मनापासूनचं अभिनंदन शेजारच्या संघाच्या विक्री अधिकाऱ्याचं असेल. पाचवी पाटी वाचून झाल्यावर त्याने कॅल्क्युलेटर बंद केलेला असेल.