परिचयात नसलेला कांदा

परिसंवादाचा विषय होता ‘कांद्यावरील निर्यातबंदी’. निवेदिकेने वाचलेल्या परिचयात वक्त्याच्या दोन पदव्या आल्या, पुरस्कार आले, सिंगापूरचा अभ्यासदौरा आला, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ तर येणारच होतं. कांदा तेवढा आला नाही.

चहाच्या वेळी कळलं, की ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली तेव्हा या गृहस्थांचा खरिपाचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबतो. लाल कांद्याला तेवढा दम नसतो. बंदी उठायला पुढचा मे उजाडला, तोवर थांबणार कोण? त्यांनी मिळेल त्या भावाने लासलगावात माल विकला.

व्यासपीठावर बसायचा त्यांचा अधिकार तो हाच. परिचयात एवढंच हवं होतं: ‘बंदीच्या हंगामात स्वतःचा लाल कांदा विकलेले शेतकरी, निर्यातदार नव्हेत.’ म्हणजे ते कुठल्या बाजूने बोलतात हे श्रोत्यांना कळलं असतं, आणि निर्यातीच्या कागदपत्रांवर त्यांना कुणी छेडलं नसतं.

संयोजकांना विचारलं. म्हणाले, “अहो, शंभर शब्दांची मर्यादा होती. सिंगापूर कसं गाळणार?”