वेळापत्रक झोपेपासून मांडा

दहावीचं वेळापत्रक पहाटे चारला सुरू होऊन रात्री अकराला संपत असेल, तर ते बनवणाऱ्याने आधी वजाबाकी करावी. झोपेला उरले पाच तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत, म्हणजे झोप कापणारा केलेला अभ्यासच कापतो. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो. पहाटे चारची सवय लावलेलं पोर नेमकं तेव्हाच पेंगुळतं.

म्हणून वेळापत्रक उलटं मांडा. भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावातून एसटीने शाळेला जाणारी मुलगी धरा. रात्री दहा ते सकाळी सहा झोप, हे आधी लिहायचं. शाळा, प्रवास, घरचं काम वजा केलं की संध्याकाळचे अडीच तास आणि सकाळचा एक तास उरतो. तेवढाच खरा वेळ. आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी ठेवायची, कारण हरभरा काढणीला आला की एखादा दिवस बुडतोच.

आता कागदावर तीन रकाने आखा: काय करणार, वही मिटून काय आलं, पुन्हा कधी. पहिल्या रकान्यात नुसतं ‘गणित’ लिहिलं तर काहीच ठरत नाही. ‘अंकगणिती श्रेढी, पाच उदाहरणं, चाळीस मिनिटं’ असं लिहा. पाचांपैकी तीन आली आणि दोनदा (n−1) ऐवजी n घेतला गेला, तर तीच चूक दुसऱ्या रकान्यात नोंदवा. तिसऱ्यात दोन दिवसांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी तशीच नवी दोन उदाहरणं सोडवायची. धडा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटतो, पण येतो की नाही हे वही मिटल्यावरच कळतं.

पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं झालं, तर चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच वेळा, जेमतेम एक मिनिट. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मग येणारा सोपा प्रश्न आधी लिहायचा. याचा सराव घरी रोज हवा, परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून जमत नाही. आणि न केलेला अभ्यास श्वासाने आठवत नाही.

भीतीने आठवडाभर झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नको वाटू लागलं, तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवा. पोराला एकटं सोडू नका आणि 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर लगेच फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पालकांनाही लावता येतो.