गंज परत मागण्याची रीत

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईकडं गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो. आमच्या देऊळघाटात, एकूणच वऱ्हाडात, गंज म्हणजे पातेलं: काठाचं, पोटाचं, वरण रांधायचं. त्यामुळे 'माझा गंज गेला' असं आमचा माणूस हळहळत सांगतो, तेव्हा तिकडच्या पाहुण्यानं अभिनंदन करू नये.

हे मार्गदर्शन पितळी गंजापुरतं आहे. पावडं, टिकाव, सब्बल मागायला एवढी रीत लागत नाही. उद्या खड्डा खणायचा आहे म्हटलं की विषय संपला. स्टीलच्या गंजासाठी तर कुणी मैत्री पणाला लावत नाही. पितळी गंजाचं मात्र तसं नाही. तो वडिलांच्या काळातला असतो, त्याच्यात पंचवीस माणसांचं वरण होतं, आणि त्याच्या काठाखाली छिन्नीच्या बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. आमच्या गंजावर वडिलांचं नाव आहे आणि पुढं १९७४ साल. नाव घालण्यामागचा हेतू उघड आहे: गंज हरवला तर ओळखता यावा. उसना देण्याची वेळ येईल हे त्या काळी गृहीतच धरलेलं होतं.

माझा गंज जानेवारीत गेला. दोस्ताच्या शेतात रोडगे होते. थंडीत शेतात गोवऱ्या पेटवायच्या, जाड कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि गंजभर वरण. जेवायला मीही होतो. जेवण झाल्यावर गंज तिथल्या तिथं उचलून आणायला हवा होता. पण तुपातल्या तिसऱ्या रोडग्यानंतर माणूस स्वतःच उचलला जात नाही. "घासून पाठवतो," दोस्त म्हणाला. हे वाक्य मी भोळेपणानं ऐकून घेतलं.

इथं कायदा सांगून ठेवतो, कारण तो तुमच्या बाजूनं आहे आणि तरीही उपयोगाचा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १६० नुसार, ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम झालं की घेणाऱ्यानं ती न मागता परत करायची असते. 'न मागता' हे शब्द कायद्यात आहेत. म्हणजे वरण संपलं त्याच क्षणी माझा गंज घराकडं निघायला हवा होता. कलम १५९ त्याहून उदार आहे: फुकट वापरायला दिलेली वस्तू ठरलेल्या मुदतीआधीही परत मागता येते. फक्त तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्यानं काही करून ठेवलं असेल, आणि तुम्ही मुदतीआधीच वस्तू काढून घेतल्यानं त्याचं फायद्यापेक्षा जास्त नुकसान झालं, तर ती भरपाई तुमच्या अंगावर. थोडक्यात, उकळत्या वरणासकट गंज उचलू नये. पण जानेवारीतलं वरण मार्चमध्ये उकळत नसतं, तेव्हा या अपवादाची भीती नाही. भीती आहे ती कलम सांगितल्यावर दोस्त आपल्याला आयुष्यभर 'वकीलसाहेब' म्हणेल याची.

तर हलक्या हातानं मागायचं. त्याआधी गंजाची अवस्था ओळखावी लागते, आणि ती घरात न डोकावता ओळखता येते. सहज विचारावं, "भाऊ, तो गंज घरीच हाय ना?" "हाय ना, कुठं जातो" असं झटकन आलं, तर गंज ओट्यावर आहे, बूड काळं आहे आणि वापर चालू आहे. हा रोग बरा होण्यासारखा. "पाहून सांगतो" असं आलं, तर गंज माळ्यावर गेला आणि त्यात हरभरा किंवा तूर भरून ठेवली आहे. असा गंज स्थायिक झालेला असतो; तो परत मागणं म्हणजे कुणाची साठवण रस्त्यावर आणणं. "तो तुमचा व्हय का?" असं उत्तर आलं, तर गंज तिसऱ्या घरी पोचला. माझ्या बाबतीत फेब्रुवारीत पहिलं उत्तर आलं, मार्चमध्ये दुसरं. मी घाई करायचं ठरवलं.

वेळ सकाळची निवडावी, चहा झाल्यावर आणि शेतात निघण्याआधी. दिवेलागणीला चुकूनही मागू नये. तिन्हीसांजेला घरातली वस्तू बाहेर देऊ नये असं आपल्याकडं मानतात, आणि एरवी काहीही न मानणारा दोस्त त्या एका घटकेपुरता कट्टर होतो. मी एकदा सहा वाजता गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, पोहे दिले, खालच्या आवाजात म्हणाली, "बापू, आता दिवा लागला रे, उद्या ने." मावशीपुढं कलम १६० काढायची हिंमत मला झाली नाही.

बहाण्यांत सर्वांत सभ्य बहाणा कल्हईचा. तो सभ्य अशासाठी की तो खरा असतो. पितळी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तो घासून घासून जातो. मग चिंच किंवा टोमॅटो घातलेलं वरण त्यात ठेवलं की ते कळकतं, तोंडाला तुरट-कडवट चव येते, कडेला हिरवट झाक दिसते. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून ते साफ करतो, मग कथलाचा तुकडा फिरवून कापडानं सगळीकडं पुसून घेतो. पांढरा धूर उठतो, भांडं पाण्यात पडलं की चर्र आवाज होतो, आणि आतून चांदीसारखं लखलखीत निघतं. आपण म्हणायचं, "कल्हईवाला येणार हाय, आपला गंज करून घेतो." यात कुठंही 'परत दे' नाही. गंजाच्या तब्येतीची काळजी आहे, आणि दोस्ताच्या घरच्यांच्या तब्येतीचीही.

या बहाण्यात दोन खाचखळगे आहेत. एक, कल्हईवाला खरोखर यावा लागतो. पूर्वी तो भाता घेऊन गल्लीत बसायचा. आता वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत आपला बहाणा थंड होतो. दुसरा खळगा मी अनुभवला. मी कल्हईचं काढताच दोस्ताचा चेहरा उजळला. "आरं, मग तू काहून त्रास घेतो? मी बुलढाण्याला जातोच हाय, मीच कल्हई करून आणतो. माह्याकडून." आता सांगा, यावर काय बोलणार? कल्हईचा खर्च तो उचलणार होता, उपकार माझ्यावर होत होता, आणि गंज आणखी दोन महिने त्याच्याकडं राहणार होता. पुढच्या वेळी मी 'कल्हईवाला दारात बसला आहे' असं म्हणेन. बसलेला नसला तरी.

मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. त्यानं शेजाऱ्याचं भांडं उसनं नेलं आणि परत करताना आत एक लहान भांडं ठेवलं: तुमचं भांडं व्यालं म्हणाला. शेजाऱ्यानं खुशीनं दोन्ही घेतली. पुढच्या वेळी मुल्लानं मोठं भांडं नेलं आणि सांगितलं, ते वारलं. भांडं मरतं कसं, म्हणून शेजारी चिडला, तर मुल्ला म्हणाला, व्यालेलं चाललं ना? गंमत म्हणजे आपल्या करार अधिनियमाच्या कलम १६३ मध्ये पहिली अर्धी गोष्ट चक्क आहे: सांभाळायला दिलेल्या गाईला वासरू झालं तर गाईबरोबर वासरूही मालकाला द्यावं लागतं. गंजाचं वासरू मात्र कायद्याला माहीत नाही. आपल्या बायकांना माहीत आहे, म्हणून तर रिकामं भांडं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालून पाठवावं, असा रिवाज आहे. या रिवाजाचा उलटा परिणाम कुणी लक्षात घेत नाही. घरात काही गोडधोड झालं नाही, म्हणून गंज रिकामा कसा पाठवायचा, म्हणून गंज राहतो. मागताना म्हणूनच आपणच वाट मोकळी करावी: "वहिनी, काही घालू नका हं त्यात, मी सायकलवर हाय." वजनाची सबब पुढं केली की रिवाज मोडल्याचं पाप कुणालाच लागत नाही.

हे सगळं करून थकल्यावर मला जी रीत सापडली ती खर्चिक आहे, पण हमखास. गंज मागूच नये, माणूस मागावा. आमच्याकडं रोडग्यांचं वरण गडीमाणसं रांधतात, आणि दोस्ताला आपल्या वरणाचा भयंकर अभिमान आहे. मे महिन्यात, ऊन डोक्यावर असताना, मी त्याला म्हणालो, "रविवारी आमच्याकडं रोडगे करतो. पण वरण तूच पाह्यजे बा. दुसऱ्याच्या हातचं जमत नाही." तो म्हणाला, "मेमध्ये रोडगे?" मी म्हणालो, "लेकाचा नवस." नवसाचा महिना कुणी विचारत नाही. जाता जाता तोच म्हणाला, "गंज मोठा लागीन. मी आणतो." मी आभाळाकडं पाहिलं. शब्द माझ्या तोंडून गेलाच नव्हता.

हिशेब मांडून ठेवतो. माणशी शंभर ग्रॅम धरून पंचवीस माणसांना अडीच किलो तुरीची डाळ, आठ किलो कणीक, वांगी, तूप, दोन पोती गोवऱ्या, आणि नवस खरा करण्यासाठी एक नारळ. बायकोनं हा हिशेब पाहून विचारलं, "येवढ्यात नवा गंज आला नसता का?" आला असता. पण त्यावर १९७४ नसतं.

रविवारी दोस्त मोटारसायकलवरून आला, मागं मुलगा बसलेला, मुलाच्या मांडीवर गंज. कल्हई झालेली नव्हती, बूड काळंच होतं, पोटात हरभऱ्याचे चार दाणे खडखडत होते. वरण उत्तम झालं. जेवणं उरकली तशी मी या वेळी चूक केली नाही. रोडगे दोनच खाल्ले, आणि दोस्त हात धुवायला गेला असताना गंज उचलून आत नेला. बायकोनं तो राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. वडिलांचं नाव ठिपक्याठिपक्यानं वर आलं.

मग तिनं झाकण उचललं. गंज गेला तेव्हा झाकण नव्हतंच. आम्ही त्यावर परात ठेवायचो. हे पितळीच होतं, चांगलं जड, गंजावर बरोबर बसलेलं. काठावर ठिपक्यांत एक नाव होतं. ते आमचं नव्हतं, दोस्ताचंही नव्हतं. पुढं साल १९६८.

दुसऱ्या दिवशी मी दोस्ताला विचारलं, तर तो म्हणाला, "ते तुमच्यावालंच नव्हतं का?"

झाकण सध्या आमच्या ओट्यावर आहे. गंजावर इतकं बेतशीर बसतं की त्याचा वापर चालू आहे. परवा वरच्या आळीतले एक गृहस्थ सहज म्हणून आले, चहा घेतला, पावसाचं बोलले, आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "बापू, गावात कल्हईवाला येणार हाय म्हणते."

मी म्हणालो, पाहून सांगतो.