आग लागली नाही, आग होतेय

मंगळवारी सकाळी आरशात पाहिलं तर वरचा ओठ सुजून पुढे आलेला आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांची रांग. बँकेच्या नोकरीनं मला मलिहाबादेत आणून टाकलं त्याला बरीच वर्षं झाली, पण दुखणं आलं की माझं हिंदी आधी अंथरूण धरतं. दवाखान्यात फोन लावला आणि कंपाउंडरला म्हणालो, "भैया, मुँह में आग लगी है." पलीकडे क्षणभर शांतता. मग खास लखनवी अदबीनं प्रश्न आला, "जनाब, बुझाने कौन आया?"

आपल्याकडे आग होते, इकडे जलन होते. आग इकडे फक्त लागते.

"चार-पाँच लाइन लिखकर भेज दीजिए, डॉक्टर साहब देखकर टाइम दे देंगे," तो म्हणाला. जूनमध्ये अख्खं गाव आंब्याच्या पेट्यांमागे असतं, दवाखान्यातही लांबलचक गोष्ट ऐकायला कुणी रिकामा नसतो.

माझा पहिला खर्डा कोकणातून निघाला. वडिलांना बिब्बा कसा उतला होता, आजीनं त्यावर खोबरं कसं लावलं, मग माझी बदली, मग इथला उन्हाळा. ओठ आला तो एकविसाव्या ओळीत. बायकोनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अहो, डॉक्टरांना तुमचा ओठ बघायचाय, चरित्र नाही."

तिनं खोडायला घेतलं आणि एका वाक्यावर थांबली. मी लिहिलं होतं, 'काल चाट खाल्ल्यापासून.' "आणि रविवारी बागेत काय केलंत?" रविवारी मित्राच्या बागेत पाडाचे दशहरी खाल्ले होते. इथले लोक आंबे बादलीभर पाण्यात घालून ठेवतात, देठाकडचे पहिले थेंब पिळून टाकतात आणि मग चोखतात. मी मात्र झाडावरून उतरवलेला आंबा सरळ दातांनी देठाशी फोडला. देठातून उडणाऱ्या चिकाला इथे चोपी म्हणतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून चिकाचा स्वभावही घराण्यातलाच. गंमत अशी, की ज्याच्या कातडीला हा चीक सोसत नाही, त्याला तो लगेच कळतही नाही. पुरळ उठायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर आपण आदल्या दिवशीच्या चाटवाल्याला शिव्या देऊन मोकळे होतो. मी 'चाट' एवढंच कळवलं असतं, तर डॉक्टरही बिचारे चाटच्या मागे गेले असते. म्हणून 'कधीपासून' इतकं लिहून भागत नाही, त्याआधीचे दोन-तीन दिवसही लिहावे लागतात.

शेवटी जे गेलं, ते मराठीत असं:

"वय 61, पुरुष. आज सकाळपासून वरचा ओठ सुजलाय, तोंडाच्या कडेला पाण्याच्या पुळ्या, खाज व आग. ताप नाही. श्वास, गिळणं ठीक; जीभ, डोळे सुजलेले नाहीत. रविवारी सकाळी झाडावरचे आंबे दातांनी सोलून खाल्ले, काल संध्याकाळी चाट. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन 500 दोन वेळा. औषधाची ॲलर्जी माहीत नाही. सकाळी सेट्रिझिन एक घेतली, फरक नाही. उजेडातला फोटो सोबत. आज दुपारी येऊ का?"

मधुमेहाची ओळ मी गाळणार होतो. ओठाचा आणि साखरेचा काय संबंध? बायकोनं गाळू दिली नाही. अशा पुरळावर कधी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्यांनी साखर चढते, हे मला दवाखान्यात कळलं. 'श्वास ठीक' हे वाक्यही मला फुकटचं वाटत होतं. पण आज की परवा, हे त्याच वाक्यावर ठरतं. श्वास कोंडत असता, जीभ सुजली असती, तर ओळी लिहीत बसायचंच नव्हतं, सरळ इस्पितळ गाठायचं होतं.

दहा मिनिटांत उत्तर आलं: "12 बजे आइए. दवाओं की पर्ची साथ लाइए. आम अभी नहीं." शेवटच्या तीन शब्दांत खरी शिक्षा होती.

तपासणी दोन मिनिटांत आटोपली. गोळ्या नाहीत, थोडे दिवस लावायला मलम आणि फोडांना नख न लावण्याची ताकीद. कंपाउंडरनं निघताना हसून विचारलं, "आग बुझ गई?"

पुळ्या आठवड्याभरात सुकल्या. आता आंबा धुऊन, सोलून, फोडी करून बायको देते आणि मी चमच्यानं खातो. मलिहाबादेत चमच्यानं दशहरी खाणारा मी एकटाच आहे, आणि लोक मला बघायला थांबतात.